पाच रिपोर्ट पास, आता सहावा विकत घ्याच

इंदूरकर मंडळी, सराफ्यात रात्री दोन पैसे उडवले तर निदान पोट तरी भरतं. ज्यांना तेवढंही समाधान नको, त्यांनी क्रिकेट सामन्याचा ‘ठरलेला’ निकाल आधीच सांगणारा ‘फिक्स मॅच रिपोर्ट’ देणाऱ्या ग्रुपात अवश्य सामील व्हावं. मात्र नियम पाळून फसावं, अर्धवट फसण्यात मजा नाही.

पहिला नियम: रिपोर्ट विकणारे गुरुजी म्हणतील, ‘भिया, नंबर सेव्ह करा, नाहीतर रिपोर्ट येणार नाही.’ लगेच करा, कारण विचारू नका. व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज नंबर सेव्ह करणाऱ्यालाच पोचतो, आणि यादीत आणखी कोण आहे ते कुणालाच दिसत नाही. गुरुजींची सगळी विद्या या न दिसण्यात आहे.

आमच्या रामबागेतल्या एका विमा एजंटने हा नियम निष्ठेने पाळला. गुरुजींकडे समजा ३२०० नंबर आहेत. पहिल्या सामन्याला १६०० जणांना ‘मुंबई जिंकणार’ आणि उरलेल्या १६०० जणांना ‘चेन्नई जिंकणार’ असा फुकट रिपोर्ट जातो. ज्यांचा चुकला त्यांना पुन्हा मेसेज नाही. बरोबर आलेल्या १६००चे पुढच्या सामन्याला पुन्हा दोन भाग. मग ८००, ४००, २००, आणि पाचव्या सामन्यानंतर उरले १०० जण, ज्यांच्या डोळ्यांसमोर पाचही रिपोर्ट खरे ठरलेत. आमचे एजंटसाहेब त्या शंभरात होते. वगळलेल्या ३१०० जणांना ते ओळखत नव्हते, आणि तेही यांना नाही. ‘योगायोग पाच वेळा होतो का?’ असं ते मलाच विचारत होते. अहो, ३२०० जणांत तो शंभर जणांच्या बाबतीत होतोच, गुरुजींना क्रिकेट कळण्याचीही गरज नाही.

सहाव्या रिपोर्टची फी २,१०० रुपये. शंभरातल्या साठांनी भरली तर १,२६,००० झाले, तेही एक फोन आणि एक सिमकार्ड एवढ्या भांडवलावर. तीस जणांना एक संघ, तीस जणांना दुसरा. एजंटसाहेब पुन्हा जिंकले, म्हणून सातवा ‘फायनल रिपोर्ट’ त्यांनी १५,००० देऊन घेतला, वर घरातले पैसे त्याच सामन्यावर लावले. तो रिपोर्ट उलटला. गुरुजी म्हणाले, ‘ऐनवेळी वरून लाइन पलटली, रिकव्हरी मॅच देतो, फक्त २५,०००.’ हे वाक्य गुरुजींकडे आधीपासून टाईप करून ठेवलेलं असतं, कारण पैसे घेतलेल्या दर फेरीत निम्म्या लोकांना ते पाठवावंच लागतं.

टेलिग्रामवाले गुरुजी एवढा हिशेबही ठेवत नाहीत. सामन्याआधी दोन्ही संघांचे मेसेज टाकायचे आणि हरलेल्याचा नंतर पुसायचा, की झालं. चॅनेलवर पुसलेल्याची खूण राहत नाही. फक्त एक चोंबडेपणा करू नका: सार्वजनिक चॅनेलवरच्या मेसेजची लिंक कॉपी केली, तर शेवटी त्याचा क्रमांक दिसतो, `t.me/नाव/412` असा. ४१२च्या पुढचा मेसेज थेट ४१९ निघाला तर मधले कुठे गेले, असा प्रश्न पडेल. एकत्र टाकलेल्या फोटोंनीही एखाददुसरा आकडा सुटतो म्हणा, पण प्रत्येक सामन्याच्या दिवशी खिंडार दिसलं तर डोळे मिटून घ्या. मेसेजखाली ‘edited’ दिसलं तरीही. कॉमेंट बंद का, हे तर विचारूच नका.

कुणी आगाऊ मित्र २०१०च्या लॉर्ड्स कसोटीचं उदाहरण देईल. तिथे खरेदीदाराच्या वेषात गेलेल्या एका वर्तमानपत्राच्या माणसाने मध्यस्थाला १,५०,००० पौंड दिले होते. हातात काय पडलं, तर ठरवून टाकलेले तीन नो-बॉल. सामना नव्हे, निकाल नव्हे, नुसते नो-बॉल, आणि त्यापायी मध्यस्थासकट तीन खेळाडू तुरुंगात गेले. तुम्हाला मात्र अख्खा सामना २,१०० रुपयांत मिळतोय, तोही शेकडो लोकांसोबत. खरी फिक्सिंग माहीत असलेला माणूस ती आधी स्वतःच्या पैशांनी खेळेल, बोभाटा झाला की भाव पडतो म्हणून तोंड शिवून बसेल, हे असलं शहाणपण सहाव्या रिपोर्टच्या आड येऊ देऊ नका.

पैसे भरताना QR कोडवरचं नाव पाहू नका. गेल्या वेळी ‘ट्रेडर्स’ होतं, आता भलत्याच बाईचं आहे, आणि गुरुजींचं कधीच नव्हतं. ती भाड्याची खाती असतात. एकावर तक्रार आली की दुसरं, आणि पैसे तिथूनही लगेच पुढे सरकतात.

आणि फसल्यावर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन तर मुळीच करू नका. व्यवहार क्रमांकासह पहिल्या काही तासांत तक्रार गेली, तर पुढच्या खात्यातली रक्कम बँक गोठवू शकते आणि गुरुजींचा हंगाम फुकट जातो. एजंटसाहेबांनी चार दिवस लाजेपोटी कुणाला सांगितलंच नाही. सट्टा लावल्याचं बायकोला कळेल, पोलिसांना काय सांगायचं, याच विचारात ते राहिले. गुरुजींनाही तेवढेच चार दिवस हवे होते.