ॲव्हरेजचा फरक जोडून मार्क मागणाऱ्या त्या मेसेजबद्दल

"एकाच पेपरचे गठ्ठे दोन परीक्षकांकडे गेले, तर ज्याचं ॲव्हरेज कमी तो स्ट्रिक्ट. १) जेवढा ॲव्हरेजचा फरक तेवढे मार्क त्या गठ्ठ्यातल्या सगळ्यांना मिळालेच पाहिजेत. २) अशा स्ट्रिक्ट परीक्षकाला पेपर तपासायला देऊच नये. ३) मॉडरेटर पेपर उघडतच नाहीत, नुसती सही करतात. सगळ्यांनी अर्ज टाका!"

हे माझ्या भाचीने काल रात्री पाठवलं आणि खाली लिहिलं, "मामा, माझे 9 मार्क वाढतात का?" बारावीची पोरगी आहे, अभ्यास सोडून दोन दिवस अर्ज लिहित बसली. मी नागपुरात बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, परीक्षक होतो, परीक्षकाने तपासलेले पेपर परत बघणारा नियामक म्हणजे मॉडरेटरही होतो, त्यामुळे हे वाचून डोकंच फिरलं.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे म्हणून त्यावरच जास्त बोलतो. गठ्ठ्याच्या ॲव्हरेजमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, परीक्षकाचा हात किती आखडता आहे ते आणि त्या गठ्ठ्यात पोरं कोणती आहेत ते. नुसतं ॲव्हरेज बघून यातलं कोणतं किती ते सांगताच येत नाही बाप्पा.

आमच्याच पूर्वपरीक्षेचं सांगतो. 80 मार्कांचा पेपर, 'अ' तुकडी एका सरांकडे, 'ब' तुकडी एका मॅडमकडे. सरांचं ॲव्हरेज आलं 47, मॅडमचं 38. स्टाफरूममध्ये लगेच सुरू झालं की 'ब'ला 9 द्या. पण तुकड्या पाडल्या होत्या दहावीच्या मार्कांवर! 'अ'मधली पोरं आधीच पुढे होती, मग सगळे 9 मॅडमच्या माथी कसे मारायचे?

म्हणून आम्ही दोन्ही गठ्ठ्यांतून दहा-दहा अशा 20 उत्तरपत्रिका काढल्या, कमी, मधले आणि वरचे असे तिन्ही प्रकारचे मार्क त्यात येतील असं बघून, आणि प्रत्येक पेपर दोघांनीही तपासायचा असं ठरवलं. दुसऱ्याला पहिल्याचे मार्क दिसू नयेत म्हणून झेरॉक्स काढून लाल पेनाच्या खुणा झाकल्या. ही पायरी गाळली की सगळं वाया जातं, कारण आधीचा 5 दिसला की पुढचा माणूस 5 च्या आसपासच देतो. मीही तेच 20 पेपर मॉडेल आन्सर समोर ठेवून तपासले, कारण दोघांत फरक आहे एवढं कळून भागत नाही, स्ट्रिक्ट मॅडम बरोबर आणि सरच सैल असंही असू शकतं, आणि मग मार्क वाढवायचे नसतात, दुसऱ्या गठ्ठ्याचे कमी करायचे असतात.

आमच्या वेळी माझे मार्क सरांच्या जवळ आले. मॅडम त्याच पेपरांना सरासरी 4 मार्क कमी देत होत्या. म्हणजे त्या 9 पैकी 4 तपासण्याचे आणि उरलेले 5 पोरांच्या तयारीतले. 9 दिले असते तर 'ब'च्या प्रत्येकाला 5 मार्क फुकट आणि 'अ'ची पोरं तेवढी मागे.

बरं, तो 4 सुद्धा सगळीकडे सारखा नव्हता. मागणीच्या नियमाचा 8 मार्कांचा प्रश्न होता, एका पोराने व्याख्या लिहिली, कोष्टक दिलं, आकृती काढली पण अक्षांना नावं नाहीत आणि "इतर परिस्थिती कायम असताना" हे राहून गेलेलं. सरांनी 5 दिले, मॅडमनी 3. अशी अर्धवट उत्तरं कच्च्या पोरांच्या पेपरात पानोपानी असतात म्हणून तिथे फरक मोठा, आणि जो पूर्ण लिहितो त्याला दोघंही जवळपास सारखेच देतात. मॅडमच्या 20 मार्कांपाशी साधारण 6 चा फरक होता, 40 पाशी 4 चा, 60 पाशी 2 चा.

इथे एक जण म्हणाले 30 च्या खाली सरसकट 6 द्या, 30 पासून पुढे 4. तसं केलं तर 29 वाल्याचे 35 होतात आणि 30 वाल्याचे 34, म्हणजे ज्याने जास्त मिळवले तोच मागे! म्हणून पट्टे न पाडता दर 10 मार्कांमागे वाढ 1 ने कमी केली, 20 ला 6, 30 ला 5, 40 ला 4, असं. 64 वालीचे झाले 66. सरसकट 9 दिले असते तर 73 होऊन ती 'अ'मधल्या 70 वालीच्या पुढे गेली असती, आणि पहिल्या पाचांना फीची सूट होती, हे विसरू नका. तसंच 20 वाल्याचे 26 झाले, पासिंग 28 होतं, सरसकट 9 मध्ये तो 29 घेऊन पास झाला असता. पासिंगच्या आसपासचे आणि 20 च्या खालचे पेपर मात्र आम्ही गणित न लावता सगळे हाताने परत तपासले, नाहीतर कोऱ्या पेपरालासुद्धा 8 मार्क मिळाले असते.

आणि हे माझ्या एकट्याचं मत नाही. संजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश लोकसेवा आयोग हा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2007 चा निकाल वाचा. न्यायाधीश भरतीची परीक्षा, पेपर सगळ्यांना सारखेच, परीक्षक अनेक, आणि आयोगाने प्रत्येक परीक्षकाच्या गठ्ठ्याचं ॲव्हरेज एका पातळीवर आणणारं सूत्र लावलं होतं. कोर्टाने सांगितलं की विषय समान असताना परीक्षकांमधला फरक काढायला ही पद्धत योग्य नाही, तिथे नमुना पेपर तपासून मॉडरेशनच करायचं. मेसेज लिहिणारा जे मागतोय ते थोडंफार त्या सूत्रासारखंच आहे.

दुसरा मुद्दा थोडक्यात. नेहमी एकसारखा स्ट्रिक्ट राहणारा परीक्षक दुरुस्त करायला सगळ्यात सोपा, कारण फरक मोजता येतो. त्रास होतो तो लहरी परीक्षकाचा. त्या 20 पेपरांत एखाद्याचा फरक कुठे 11 ने कमी, कुठे 3 ने जास्त असा निघाला, तर त्याचं सरासरी 4 काढून काही उपयोग नाही, तो अख्खा गठ्ठा दुसऱ्याकडून परत तपासून घ्यावा लागतो.

तिसऱ्यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. शेवटच्या तारखेला गठ्ठे ढिगाने येतात आणि काही जण बेरीज बघून हिरव्या पेनाने टिक मारतात, हे मी पाहिलंय. ओळखायचं कसं? नियामकाचे आणि परीक्षकाचे मार्क प्रश्नागणिक तंतोतंत सारखे असतील, एकाही प्रश्नात अर्ध्या मार्काचाही फरक नसेल, तर बहुतेक पेपर वाचलेला नसतो. पण "सगळेच" म्हणणं चूक आहे, आणि त्यावर उपाय 9 मार्क नाही.

भाचीला सांगितलं, अर्ज करायचाच तर मार्क मागू नको. एवढंच लिही की दोन्ही परीक्षकांनी किती समान पेपर तपासले, आधीचे मार्क झाकले होते का, आणि दुरुस्ती सगळीकडे सारखी लावली की मार्कांप्रमाणे. तिने जुना अर्ज फाडला आणि आता नवीन लिहितेय.