रोजचं काम दाखवलं तर पळतं कोण?

"भरतीच्या व्हिडिओत रोजचं काम दाखवू नका. ते कंटाळवाणं असतं, बघून चांगले उमेदवार पळतात. माणसं कल्चर बघून येतात, तेच दाखवा. अडचणी काय त्या मुलाखतीत सांगता येतात. आणि अख्खा दिवस दीड मिनिटात मावतो कुठे?"

हा मजकूर मला वेगवेगळ्या लोकांकडून तीनदा आला, त्यातला एकदा ज्यांच्यासाठी स्क्रिप्ट लिहीत होतो त्या ग्राहकाकडूनच. ग्राहक म्हणजे एक मोठी पॅथॉलॉजी लॅब. भरती लॅब टेक्निशियनची. त्यांचा जुना व्हिडिओ होता आणि तो नव्याने लिहून द्यायचा होता. तेव्हा उत्तर त्याच लॅबच्या आधाराने देतो.

पळून जाण्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण खरी भीती तीच आहे. या भीतीची परीक्षा फार पूर्वी झाली आहे. १९७३ मध्ये जॉन वॅनस या संशोधकाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. टेलिफोन ऑपरेटर म्हणून घ्यायच्या उमेदवारांपैकी काहींना नेहमीची गोड फिल्म दाखवली, काहींना कामाची खरी बाजू सांगणारी. नोकरी स्वीकारण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो नंतर. खरी फिल्म पाहिलेल्यांच्या अपेक्षा जमिनीवर होत्या आणि नोकरी सोडावी असं त्यांच्या मनात कमी वेळा आलं. यावर पुढे बरंच संशोधन झालं, त्यातून परिणाम दिसतो पण तो माफक असतो. म्हणून 'खरा व्हिडिओ केला की गळती थांबेल' असं मी कुणालाही सांगत नाही. पगार कमी असेल किंवा साहेब तिरसट असेल तर व्हिडिओने काही होत नाही. पण लोक लोंढ्याने पळतात, हेही दिसलेलं नाही.

शिवाय जे पळतात ते कोण? रात्रपाळी जमणार नाही म्हणून व्हिडिओ बघून अर्जच न करणारा माणूस आणि ट्रेनिंग संपल्यावर सहाव्या आठवड्यात तेच कारण देऊन जाणारा माणूस, हे बहुधा एकच असतात. पहिल्याने लॅबचं काही नुकसान केलेलं नसतं. दुसऱ्यासाठी एका अनुभवी टेक्निशियनने दीड महिना आपलं काम सांभाळून शिकवलेलं असतं.

आता कल्चर. जुन्या स्क्रिप्टमधली वाक्यं अशी होती: 'आम्ही फक्त लॅब नाही, एक कुटुंब आहोत.' 'इथे रोज नवं शिकायला मिळतं.' 'तुमच्या प्रगतीला इथे सीमा नाही.' मी एक साधी चाचणी लावतो. वाक्यात दुसऱ्या लॅबचं नाव घालून वाचायचं. मग बँकेचं, मग शाळेचं. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते या लॅबबद्दल काहीच सांगत नाही. त्या स्क्रिप्टमध्ये एकशे सत्तरेक शब्द होते, आणि चाचणीनंतर उरलं लॅबचं नाव आणि पत्ता.

दृश्यांची गत त्याहून वाईट. उघड्या हातांनी ट्यूब उजेडाकडे धरून हसणारी मुलगी, पांढऱ्या कोटाची बटणं उघडी, मागे काचेच्या चंबूत निळं पाणी. (हे निळं पाणी कुठल्या तपासणीला लागतं ते मी लॅबमध्ये विचारलं. सगळे हसले.) ज्याला बोलवायचं तो याच धंद्यातला आहे. ग्लोव्ह्ज न घालता रक्ताची ट्यूब धरलेली त्याला पहिल्या सेकंदाला दिसते, आणि पुढचं सगळं तो जाहिरात म्हणूनच बघतो.

म्हणजे कल्चर दाखवूच नये असं नाही. ते वाक्यात सापडत नाही, कामात सापडतं. म्हणून लिहायला बसण्याआधी मी एक सकाळपाळी आणि एक रात्रपाळी वहीत वेळ टाकत बसून पाहिली. टेक्निशियनना दोनच प्रश्न विचारले. मागच्या वेळी घरी जाताना डोकं कशाने उठलं होतं? आणि नवा माणूस पहिल्या महिन्यात कशाला दचकतो? 'इथे काम करायला कसं वाटतं' हे विचारायचं नाही. त्याला सगळे 'छान' म्हणतात.

दुसऱ्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच आलं: वॉर्डला फोन करणं. रक्त घेताना किंवा आणताना पेशी फुटल्या तर सॅम्पल हिमोलाइज होतं. सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवून ट्यूब बाहेर काढली की वरचं सीरम पिवळसर दिसायला हवं, ते लालसर दिसतं. फुटलेल्या पेशींतलं पोटॅशियम सीरममध्ये उतरतं आणि आकडा खोटा वाढतो. तो रिपोर्ट देता येत नाही. मग वॉर्डला कळवायचं की सॅम्पल पुन्हा काढून पाठवा. पलीकडे नर्सच्या हातात ढीगभर कामं असतात, पेशंटला आधीच दोनदा टोचलेलं असतं, आणि ऐकून घ्यायचं लॅबने. कॉलेजमध्ये हिमोलायसिस शिकवतात, हा फोन शिकवत नाहीत.

मला स्क्रिप्ट इथे सापडली. मधला भाग असा लिहिला:

दृश्य: ग्लोव्ह्जमधला हात सेंट्रीफ्यूजमधून ट्यूब काढतो. क्लोजअप, लालसर सीरम. शेजारी एक चांगली ट्यूब, पिवळसर.
टेक्निशियनचा आवाज: "हे असं आलं की मशीनला लावायचं नाही. फोन लावायचा."
दृश्य: तीच टेक्निशियन फोनवर. पलीकडचं ऐकू येत नाही, तिचा चेहरा दिसतो.
टेक्निशियन: "हो सिस्टर, मला कळतंय आत्ताच काढलं होतं. पण यावर दिलेला पोटॅशियम चुकीचा असेल."
तीन सेकंद कोणी बोलत नाही. ती रजिस्टरमध्ये वेळ आणि सिस्टरचं नाव लिहिते.
टेक्निशियनचा आवाज: "पहिल्या महिन्यात मी सरांना फोन करायला लावायचे. आता मीच करते."

'रोज नवं शिकायला मिळतं' हे शेवटच्या ओळीत आलं, 'कुटुंब' 'सरांना फोन करायला लावायचे' यात आलं, आणि दोन्ही शब्द उच्चारावे लागले नाहीत. ही ओळ माझी नाही. तिने गप्पांत सांगितली, मी फक्त जागेवर बसवली. टेक्निशियनच्या हातात छापील वाक्य दिलं की आवाज लगेच शाळेतल्या भाषणासारखा होतो, म्हणून शूटिंगलाही वाक्य देत नाही. प्रश्न विचारतो, वीस मिनिटं रेकॉर्ड करतो, आणि कामाची चार वाक्यं ठेवतो.

एचआरला फोनचा प्रसंग नको होता. 'भांडण वाटतं' म्हणाले. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, कारण उलट्या बाजूनेही खोटं बोलता येतं. असे फोन पाळीत एखाद-दुसरे होतात. पूर्ण व्हिडिओभर तेच दाखवलं तर लॅब म्हणजे रणांगण वाटेल. म्हणून बाकीचा वेळ जे जास्त वेळा घडतं त्याला दिला. सकाळी पेशंटची सॅम्पल लावण्याआधी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, चालवणं. आकडे मर्यादेत आहेत का ते पाहणं आणि नसतील तर मशीन तसंच पुढे न रेटणं. बारकोड, ट्रे, परत बारकोड. कंटाळवाणं? असेल. पण ज्याला हे नीटनेटकेपणाने करायला आवडतं तोच तिथे टिकतो, आणि बीपच्या त्या तालातच तो स्वतःला ओळखतो. पार्श्वसंगीत काढून सेंट्रीफ्यूजची घरघर आणि बारकोडचा आवाज ठेवला, एवढं एक मागणं मात्र मी सोडलं नाही. फोनचा प्रसंग शेवटी बावीस सेकंदांवरून चौदावर आला, पण राहिला.

मुलाखतीत सांगता येतं, हे बोलायला सोपं आहे. मुलाखतीच्या दिवशी उमेदवाराने सुट्टी काढलेली असते, घरी सांगितलेलं असतं, मनाने तो अर्धा आलेलाच असतो. समोरच्यालाही जागा भरायची असते. अशा वेळी 'रात्रपाळी असते हं थोडी' असं वाक्य निघतं आणि दोघंही 'थोडी' या शब्दावर समाधान मानतात. शिवाय प्रत्येक मुलाखतकार वेगळं सांगतो. अर्ज करण्याआधी, घरी एकट्याने बघताना 'नको' म्हणणं सगळ्यांत स्वस्त पडतं. मुलाखतीत सविस्तर बोलाच, पण व्हिडिओ बघून आलेला माणूस तिथे नेमके प्रश्न विचारतो आणि बोलणं आपोआप खरं होतं.

राहिला दीड मिनिटाचा हिशेब. अख्खा दिवस मावत नाही हे बरोबर, आणि मावायची गरजही नाही. सावकाश बोललं तर दीड मिनिटात एकशे ऐंशीच्या आसपास शब्द जातात. मी एकशे तीसच्या वर जात नाही, नाहीतर तीन सेकंद गप्प राहायला जागा उरत नाही. एवढ्यात तीन प्रसंग बसतात: एक रोजचा, एक अवघड, आणि एक पाळी बदलतानाचा, जिथे जाणारा येणाऱ्याला काय अडकलंय ते सांगतो. लॅबमध्ये हा तिसरा प्रसंग रात्री घेतला. एकीच्या हातात पिपेट, फोन वाजतो, दुसरी उचलते, पोटॅशियम ६.८, म्हणजे धोक्याच्या पातळीवर, असल्याचं वॉर्डला सांगते आणि आकडा पलीकडून परत वदवून घेते. तेवढ्यात सकाळची टेक्निशियन पिशवी टेबलावर ठेवते.

खरं दाखवताना एक ठिकाणी मुद्दाम खोटं वापरावं लागतं. ट्यूबवरचं नाव, बारकोड, स्क्रीनवरचे रिपोर्ट हे खऱ्या पेशंटचे कॅमेऱ्यात येऊ द्यायचे नाहीत. आम्ही बनावट लेबलं चिकटवली आणि स्क्रीनवर ट्रेनिंगचा डेटा उघडला. वॉर्डचा फोनही दाखवण्यापुरता केलेला, पलीकडे लॅबचाच माणूस. ज्या टेक्निशियन दिसतात त्यांची लेखी परवानगी घेतली, आणि नोकरी सोडल्यावर त्यांचा चेहरा काढायचा की ठेवायचा हेही त्याच कागदावर लिहून घेतलं.

महिन्यात किती रात्री, आठवड्याची सुट्टी कशी फिरते, पहिले किती आठवडे कोणाच्या हाताखाली, हे आकडे मात्र मी कोणाच्याही तोंडी दिले नाहीत. ते शेवटी एका कार्डावर, सहा सेकंद. ड्यूटीचं वेळापत्रक बदललं की तेवढं कार्ड बदलून व्हिडिओ पुन्हा चढवायचा. आमच्या लॅबने चारच महिन्यांत ते एकदा बदललं, महिन्यातल्या रात्रपाळ्या पाचच्या सहा झाल्या म्हणून.