आठ कॅमेरे, एक टीबी आणि महिनाभराचं रेकॉर्डिंग: हिशेब तपासून पाहू

“आठ कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क महिनाभर आरामात पुरते, एच.२६५ असलं की झालं. कॅमेरे वाय-फायवर टाका, काही फरक पडत नाही. रेकॉर्डरसाठी वेगळं नेटवर्क केलं तर उलट राउटरवरचा बोजा वाढतो.” घरी सीसीटीव्ही बसवताना असा सल्ला ऐकायला मिळतो. यातलं एच.२६५ म्हणजे चित्रण दाबून कमी जागेत बसवण्याची पद्धत. आता एकेक दावा पाहू.

आधी डिस्क. सतत १ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने, येणारं चित्रण दिवसाला १०.८ जीबी जागा घेतं. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर २ एमबीपीएसला लावला, तर आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे १७३ जीबी होतात. म्हणजे १ टीबी सहाव्या दिवशी भरते आणि रेकॉर्डर जुनं चित्रण पुसू लागतो. तीस दिवसांसाठी ५.२ टीबी लागतात, तेव्हा ६ टीबीची डिस्क घ्या. १ टीबीत महिना बसवायचाच, तर प्रत्येक कॅमेऱ्याच्या वाट्याला ०.३९ एमबीपीएस येतात. एवढ्यात हलणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, आणि कॅमेरा तर त्यासाठीच लावलेला असतो.

फक्त हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्डिंग केलं तर जागा वाचते, हे खरं. पण इन्फ्रारेड दिव्याभोवती जमणारे किडे आणि पावसाच्या धारा यांनाही कॅमेरा हालचालच समजतो. शिवाय अंधारात चित्रात दाणे येतात आणि बिटरेट, म्हणजे चित्रणाचा हा एमबीपीएसमधला वेग, बदलता ठेवला असेल तर तो रात्री वाढतो. म्हणून डिस्क सलग रेकॉर्डिंगच्या हिशेबानेच घ्यावी. कॅमेरे लागल्यावर रात्रीसकट पूर्ण चोवीस तासांत किती जीबी भरले ते पाहावं आणि त्यावरून दिवस मोजावेत.

वाय-फायचं उत्तर छोटं आहे. एका चॅनेलवर साधारणपणे एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. रेकॉर्डरही वाय-फायवर असेल तर प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते. सगळे फोन-लॅपटॉप चालू असतात त्या वेळेलाच प्लेबॅकच्या पट्टीत रोज फटी दिसत असतील, तर कॅमेरा बदलून उपयोग नाही. केबल टाका.

वेगळ्या नेटवर्कबद्दलचा समज मात्र पुरता उलटा आहे. व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर आखलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा. कॅमेरे आणि रेकॉर्डर एकाच व्हीलॅनमध्ये, एकाच स्विचवर असले तर आठ कॅमेऱ्यांचे मिळून १६ एमबीपीएस स्विचमधल्या स्विचमध्ये फिरतात. राउटरपर्यंत ते पोचतच नाहीत. कोणी फोनवर चित्र पाहील तेवढीच वाहतूक राउटर ओलांडते. बोजा पडतो तो कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकून रेकॉर्डर घरच्या नेटवर्कमध्येच ठेवला तर. मग सगळं चित्रण चोवीस तास राउटरमधून जातं. चूक रेकॉर्डर कुठे ठेवला याची असते, दोष व्हीलॅनला मिळतो.

असं नेटवर्क इंटरनेटपासून तोडलं की कॅमेऱ्यांची घड्याळं हळूहळू सरकतात, आणि चित्रावरची वेळ चुकली की पुरावा म्हणून ते लंगडं पडतं. रेकॉर्डरमध्ये एनटीपी सर्व्हरची, म्हणजे नेटवर्कवरच्या इतर उपकरणांना वेळ पुरवण्याची, सोय असेल तर ती चालू करा आणि प्रत्येक कॅमेऱ्यात वेळेसाठी रेकॉर्डरचाच आयपी पत्ता भरा.