'पॅकेजिंगचं मुख्य कार्य कोणतं?' हा प्रश्न पेपरातून एकदाचा काढून टाका

मार्केटिंग शिकवणाऱ्या आणि त्याचे एमसीक्यू काढणाऱ्या सगळ्यांसाठी ही पोस्ट आहे. सेट-नेटची तयारी करणाऱ्यांनी वाचली तरी चालेल, थोडा राग येईल एवढंच.

हा प्रश्न तुम्ही पाहिलेला असणारच. पॅकेजिंगचं मुख्य कार्य कोणतं? अ) संरक्षण, ब) ओळख, क) वापराची सोय, ड) प्रसिद्धी. गाईडमध्ये उत्तर 'अ'. मुलंही 'अ' लावतात, एक गुण मिळतो आणि सगळे घरी जातात. या उत्तराला आधार काय, हे कुणी विचारत नाही. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात हीच चार कार्यं आहेत, पण त्यात पहिलं नाव ओळखीचं आहे आणि 'मुख्य' असं कुठल्याच कार्याला म्हटलेलं नाही. 'मुख्य' हा शब्द घुसडला आपण, प्रश्न काढणाऱ्यांनी. चार बरोबर गोष्टींमधून एक निवडायला लावायची तर दुसरं काय करणार?

दुधाच्या पिशवीला विचाराल तर संरक्षण मुख्य. अत्तराच्या डबीवरच्या चकचकीत खोक्याला विचाराल तर प्रसिद्धी. टोमॅटो सॉसच्या दाबायच्या बाटलीला विचाराल तर सोय. वस्तू कोणती आणि ती विकली कुठे जाते, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. त्याचा जुळा भाऊ म्हणजे 'खालीलपैकी कोणते पॅकेजिंगचे कार्य आहे?' आणि शेवटी 'ड) वरीलपैकी सर्व'. पॅकेजिंगच्या धड्यावर 'वरीलपैकी सर्व' दिसलं की डोळे मिटून ते लावायचं, हे मुलांना पहिल्या सेमिस्टरलाच कळलेलं असतं.

हे तीन विषय (ब्रँड इक्विटी, पोझिशनिंग, पॅकेजिंग) आपण तीन वेगळ्या धड्यांत शिकवतो आणि तीन वेगळ्या प्रश्नांत विचारतो, ही माझ्या मते खरी अडचण आहे. दुकानात ते तिन्ही एकाच खोक्यावर असतात. त्यामुळे मी आता एकच उदाहरण घेऊन तिन्ही विचारतो. ते आहे ट्रॉपिकानाचं.

जानेवारी 2009, अमेरिका. पेप्सिकोने आपल्या ट्रॉपिकाना प्युअर प्रीमियम या संत्र्याच्या रसाचं खोकं बदललं. जुन्या खोक्यावर एक अख्खं संत्रं आणि त्यात खुपसलेला स्ट्रॉ होता. नाव आडवं, ठळक. नव्या खोक्यावर संत्रं गेलं, त्या जागी रसाचा भरलेला पेला आला. नाव उभं आणि बारीक अक्षरांत गेलं. डिझाइन आर्नेल ग्रुपचं होतं आणि त्यामागचा विचार अगदीच वेडगळ नव्हता: इतकी वर्षं फळाची साल दाखवली, आता आतला रस दाखवू. झाकण तर चक्क अर्ध्या संत्र्याच्या आकाराचं केलं होतं, पिळून काढल्यासारखं उघडायचं. (ती कल्पना मला अजूनही आवडते.) सोबत सुमारे साडेतीन कोटी डॉलरची जाहिरात मोहीम.

1 जानेवारी ते 22 फेब्रुवारी या काळात ट्रॉपिकानाच्या विकल्या जाणाऱ्या नगांची संख्या सुमारे 20 टक्क्यांनी घसरली. तक्रारींचा सूर असा की हे खोकं दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त ब्रँडसारखं दिसतं. फेब्रुवारी संपायच्या आत कंपनीने जुनं खोकं परत आणत असल्याचं जाहीर केलं.

आता 'मुख्य कार्य संरक्षण' हे उत्तर इथे लावून बघा. दोन्ही खोकी रस सारखाच सांभाळत होती. रस तोच होता, दुकानंही तीच. सोयीत काही बिघडलं नव्हतं, उलट झाकण बरं झालं होतं. जाहिरातीवर पैसा ओतलेला होता. मोडलं ते ओळखीचं काम. शीतकपाटासमोर उभा असलेला गिऱ्हाईक काही नावं वाचत बसत नाही. त्याची नजर त्या स्ट्रॉवाल्या संत्र्यावर जाते आणि हात पुढे होतो. संत्रं दिसलं नाही तर हात शेजारच्या खोक्याकडे जातो. मंदीचं वर्ष होतं, लोकांनी रसच कमी घेतला असेल, अशी शंका वर्गात एखादा हुशार मुलगा काढतो आणि ती काढायलाच हवी. पण त्याच आठवड्यांत ट्रॉपिकानाच्या काही स्पर्धकांची विक्री दोन आकडी टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे गिऱ्हाईक रस घेतच होतं, फक्त दुसरा घेत होतं.

पोझिशनिंगचं काय झालं? इथे मुलं हमखास घसरतात, कारण दोन्ही व्याख्या आपण एकाच साच्यात पाठ करून घेतो. पोझिशनिंग म्हणजे ग्राहकाच्या मनात ब्रँडची जागा, आणि ब्रँड इक्विटी म्हणजे ग्राहकाच्या मनात ब्रँडचं मूल्य. दोन्हीकडे 'मन' आलं की मुलाने कशावर टिचकी मारायची? मी सांगतो ती कसोटी अशी. पोझिशनिंग हा कंपनीचा निर्णय असतो आणि तो कायम कुणाच्या तरी तुलनेत असतो: कोणासाठी, कोणापेक्षा वेगळं, कशात. इक्विटी ही गिऱ्हाइकाच्या वागण्यातून दिसते. केविन लेन केलर यांनी 1993 मध्ये मांडलेली कल्पना साध्या भाषेत अशी: तीच वस्तू, तोच भाव, तीच जाहिरात, एकदा ब्रँड माहीत असताना आणि एकदा माहीत नसताना. गिऱ्हाईक या दोन वेळी वेगळं वागलं तर तो फरक म्हणजे इक्विटी.

या कसोटीने पाहिलं तर ट्रॉपिकानाने पोझिशनिंग बदलायचं ठरवलंच नव्हतं. 'कॉन्सन्ट्रेटपासून न बनवलेला, चांगल्या दर्जाचा संत्र्याचा रस' ही जागा कागदावर तीच होती. पण नवं खोकं गिऱ्हाइकाला 'स्वस्तातला दुकानी माल' असं सांगत होतं. पोझिशनिंग कंपनीच्या फायलीत एक आणि शेल्फवर दुसरं, असा प्रकार झाला. म्हणून 'खोकं बदललं म्हणजे रीपोझिशनिंग केलं' हे उत्तर चूक, आणि चार पर्यायांत ते चुकीचं उत्तर म्हणून ठेवायला उत्तम. अर्धवट वाचलेला मुलगा नेमका तिथे जातो.

इक्विटीचा भाग सगळ्यात मजेदार, आणि त्यावर मी एमसीक्यू काढत नाही. 20 टक्के घसरण झाली, तर इक्विटी मजबूत होती की कच्ची? मजबूत म्हणणारे म्हणतात, बघा, लोक एका चित्रासाठी भांडले, पत्रं-ईमेल पाठवले. कच्ची म्हणणारे म्हणतात, एवढी निष्ठा होती तर नाव वाचून शोधला का नाही रस? नाव तर खोक्यावर होतंच. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण थोड्या बदलाने. डेव्हिड आकर यांच्या मांडणीत इक्विटीचे पाच घटक आहेत: निष्ठा, ब्रँडची जाण, जाणवणारा दर्जा, त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी, आणि ट्रेडमार्कसारख्या मालकीच्या बाबी. ट्रॉपिकानाची बरीचशी जमा ही निष्ठेत नव्हती, ती चित्राशी जोडलेल्या ओळखीत होती. कंपनीला वाटलं ती नावात आहे. भांडणारे निष्ठावान थोडे, न भांडता शेजारचं खोकं उचलणारे जास्त. अशी वाटणी कुठलाही एक पर्याय सांगू शकत नाही. त्यासाठी पाच ओळी लिहायला द्या.

बरं, मग चांगला एमसीक्यू कसा? ओळखीच्या कार्यावर मी असा काढतो:

'एका कंपनीने ज्यूसचा दर्जा, दुकानं आणि खोक्याचा कागद तोच ठेवून फक्त खोक्यावरचं चित्र आणि अक्षरं बदलली. जाहिरात वाढवूनही विक्री पडली, स्पर्धकांची वाढली. पॅकेजिंगचं कोणतं कार्य कमी पडलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त? अ) संरक्षण ब) ओळख क) वापराची सोय ड) वाहतूक.'

प्रत्येक चुकीचा पर्याय का चूक, ते प्रश्नातच लपलेलं आहे. कागद तोच म्हणून 'अ' आणि 'ड' गेले. उघडण्या-ओतण्यात काही बदललं नाही म्हणून 'क' गेला. 'प्रसिद्धी' हा पर्याय मी मुद्दाम ठेवलेला नाही, कारण कोणीही म्हणेल की आकर्षक नसलेलं खोकं हे प्रसिद्धीचंच अपयश, आणि त्याच्याशी मी प्रामाणिकपणे भांडू शकणार नाही. ज्या पर्यायाचा बचाव एखादा अभ्यासू मुलगा करू शकतो, तो पर्याय वापरायचा नाही.

आणि पेपर तपासून झाल्यावर पाच मिनिटांचं एक काम करा. समजा वर्गात 60 मुलं आहेत. एकूण गुणांनुसार वरची 16 आणि खालची 16 काढा (साधारण 27 टक्के). वरच्यांपैकी 14 जणांनी हा प्रश्न बरोबर सोडवला, खालच्यांपैकी 5 जणांनी, तर फरक 9. भागिले 16, म्हणजे 0.56. छान प्रश्न. तेच 'मुख्य कार्य'वाल्या प्रश्नाला वरच्यांपैकी 7 आणि खालच्यांपैकी 8 बरोबर आले, तर आकडा शून्याच्या खाली जातो. जास्त अभ्यास केलेल्यांचीच उत्तरं जास्त चुकताहेत, म्हणजे एक तर उत्तरतालिका चुकलीये नाहीतर प्रश्न. लहान वर्गात हा आकडा एकदोन मुलांनीही हलतो, त्यामुळे 0.2 आणि 0.3 यांत फार अर्थ शोधू नका. उणे आला तर मात्र प्रश्न उचलून वाचा.

अजून एका ठरलेल्या प्रश्नाबद्दल. 'खालीलपैकी पॅकेजिंगचे कार्य नसलेले कोणते?' उत्तर: 'किंमत'. यावर मला एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "सर, मग पाच रुपयांचा बिस्किटपुडा?" बरोबरच आहे तिचं. मैदा-साखर महागली की कंपनी पाच रुपये तसेच ठेवते आणि पुड्यातली ग्रॅम कमी करते. भाव टिकवायचं काम तिथे पुड्याचा आकारच करतो. पुस्तकाच्या यादीत किंमत नाही हे खरं, पण बिस्किटं विकणारी कोणतीही कंपनी पॅकचा आकार ठरवताना किमतीचा विचार आधी करते. तिला मी गुण दिला. उत्तरतालिकेत 'किंमत'च होतं, तिने 'सोय' लावलं होतं.

एमसीक्यू ओएमआरवर असतात, वेळ नसतो, क्वेश्चन बँक वरून येते, हे सगळं मान्य. निदान 'मुख्य' आणि 'वरीलपैकी सर्व' एवढे दोन तरी खोडा. आणि तुमच्या क्वेश्चन बँकेत याहून भारी नमुने असतील तर कमेंटमध्ये टाका, कॉलेजचं नाव न लिहिता.