‘थॅलियम’ला नकार द्या म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

“थॅलियम स्कॅन म्हणजे अणुभट्टीचा कचरा नसेत टोचून ब्लॉकेजचा फोटो काढणे. स्ट्रेस इकोमध्ये तेच कळते, किरणं नाहीत, पैसेही कमी. स्कॅन नॉर्मल आला तर नळ्या साफ. डॉक्टरने लिहून दिला तर सरळ नाही म्हणा.”

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात काम करते. हा मेसेज वाचून तपासणी रद्द केलेले पेशंट मी पाहिलेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

आधी फोटोचं. या स्कॅनमध्ये ब्लॉकेज दिसतच नाही. नळ्या अँजिओग्राफीत दिसतात. इथे दिसतो हृदयाचा स्नायू, आणि त्याच्या कुठल्या भागाला किती रक्त मिळालं ते. नाव थॅलियमचं राहिलं असलं तरी हल्ली बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम-९९एम हे किरणं सोडणारं द्रव्य लावलेलं सेस्टामिबी नावाचं औषध देतात. ते टोचल्यावर काही मिनिटांतच हृदयाच्या पेशींत शिरतं आणि मायटोकाँड्रियात अडकून बसतं. जिथे रक्त भरपूर पोचलं तिथे भरपूर, जिथे कमी तिथे कमी. एकदा बसलं की फारसं हलत नाही. म्हणून पेशंटला तासाभराने गॅमा कॅमेऱ्याखाली घेतलं तरी चित्र येतं ते टोचलं त्या घडीचं.

आता ती घडी ताणाचीच, म्हणजे व्यायामाने किंवा औषधाने हृदयाचा रक्तप्रवाह वाढवल्याचीच का निवडायची? कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना हे पटकन कळेल. मागणी कमी असते तेव्हा गाळाने भरलेली चारीसुद्धा आपल्या शेतांची गरज भागवते. सगळ्यांनी एकदम चौपट पाणी मागितलं की चांगल्या चाऱ्या दुथडी वाहतात, आणि गाळाच्या चारीचं टेल कोरडं पडतं. हृदयाचंही तसंच आहे. नळी ८५ टक्क्यांच्या आसपास अरुंद होईपर्यंत विश्रांतीतला रक्तपुरवठा बहुधा टिकून राहतो, कारण पुढच्या बारीक वाहिन्या आधीच जास्त उघडून तूट भरून काढतात. पण जास्तीत जास्त प्रवाहाची क्षमता साधारण ५० टक्क्यांपासूनच घटू लागते. म्हणून एक इंजेक्शन ताणात आणि एक विश्रांतीत. विश्रांतीत भरलेला आणि ताणात विरळ दिसणारा भाग म्हणजे इस्केमिया. दोन्ही वेळा रिकामा दिसणारा भाग बहुतेकदा जुन्या अटॅकचा व्रण असतो.

स्ट्रेस इकोमध्ये “तेच” कळत नाही, ते इथे ध्यानात येईल. इको म्हणजे सोनोग्राफी, ती हृदयाच्या भिंतीची हालचाल पाहते. स्नायूला रक्त कमी पडू लागतं ते आधी, हालचाल मंदावते ती त्यानंतर. शिवाय ती हालचाल ताण चालू असताना किंवा उतरताच मिनिटभरात टिपावी लागते. म्हणजे इको कमी दर्जाचा, असं मात्र अजिबात नाही. तरुण बाईला छातीत दुखतंय, छातीच्या फटीतून चित्र स्वच्छ येतंय, झडपेचीही शंका आहे, अशा वेळी मी स्वतः इकोच करा म्हणेन. खोटा पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाणही इकोत कमी असतं. प्रश्न पेशंट कोण आहे, हा आहे.

एक पेशंट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ६४ वर्षांचे निवृत्त एसटी चालक. जिना चढताना छाती आवळते. दोन्ही गुडघे झिजलेले, म्हणून ट्रेडमिल बाद. अनेक वर्षांच्या विड्यांमुळे फुप्फुसं फुगलेली, त्यामुळे इकोचं चित्र धूसर. आणि ईसीजीत एलबीबीबी, म्हणजे डाव्या बाजूला विजेचा संदेश उशिरा पोचतो. अशा हृदयात मधला पडदा रक्त भरपूर असूनही वेडावाकडा हलतो, मग हालचालीवरून निदान करायचं कसं? म्हणून स्कॅन, आणि तोही व्यायामाने किंवा ठोके वाढवणाऱ्या डोब्युटामिन या औषधाने नाही, तर ॲडेनोसिनने. कारण एलबीबीबीत ठोके वाढले की स्कॅनमध्येही मधला पडदा खोटाच विरळ दिसतो. ॲडेनोसिन ठोके फारसे न वाढवता वाहिन्या उघडतं. दम्याची घरघर चालू असेल तर मात्र ते देता येत नाही, म्हणून आधी छाती नीट तपासून घेतली. घरघर नव्हती.

पहिल्या दिवशी विचारलं, “काका, सकाळपासून काय घेतलंत?”

“काही नाही मॅडम, नुसता अर्धा कप चहा.”

त्यांना परत पाठवावं लागलं. चहा-कॉफीतलं कॅफीन ॲडेनोसिनची जागा अडवतं. वाहिन्या पुरत्या उघडत नाहीत, आणि आजारी हृदय नॉर्मल दिसू शकतं. निदान १२ तास, शक्य तर २४ तास चहा बंद ठेवायला सांगतात ते यासाठी.

दुसऱ्या खेपेला तपासणी झाली. हृदयाचे आडवे काप पडद्यावर चकाकत्या बांगडीसारखे दिसतात. त्यांच्या ताणाच्या चित्रात ही बांगडी घड्याळातल्या चार-पाचच्या जागी विरळ होती. विश्रांतीत ती अख्खी. स्नायूच्या १७ भागांपैकी ४ भाग, प्रत्येकाला कमतरतेचे ४ पैकी २ गुण, म्हणजे ६८ पैकी ८, साधारण १२ टक्के स्नायू. १० टक्क्यांच्या वर गेलं की आम्ही ते दुर्लक्ष करण्यासारखं मानत नाही. हा आकडा इकोने त्यांच्या बाबतीत दिला नसता.

किरणांबद्दल. विश्रांती आणि ताण मिळून टेक्नेशियमच्या स्कॅनचा डोस साधारण १० मिलिसीव्हर्ट असतो. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. म्हणजे डोस शून्य नाही, आणि कारण नसताना हा स्कॅन करूच नये. पण टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तासांचं. २४ तासांत सोळावा हिस्सा उरतो, शिवाय बराच भाग लघवी-शौचावाटे जातो. खऱ्या थॅलियम-२०१ चं अर्धायुष्य ७३ तास आणि डोस जास्त, म्हणूनच ते मागे पडलं. ताणाचं चित्र आधी काढून ते स्वच्छ आलं, तर विश्रांतीचं इंजेक्शन टाळता येतं. डोस निम्म्याहून खाली येतो. हे आपल्या केंद्रात होतं का, ते जरूर विचारा.

“नॉर्मल म्हणजे नळ्या साफ” हे वाक्य मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. नॉर्मल स्कॅननंतर वर्षभरात अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याची शक्यता साधारणपणे १ टक्क्याहून कमी असते, हे खरं. पण प्रवाह न अडवणारा चरबीचा थर इथे दिसत नाही. आणि स्कॅन तुलना करतो: सर्वांत उजळ भाग धरून बाकीचे मोजतो. तिन्ही नळ्या सारख्याच अरुंद असतील तर सगळाच स्नायू सारखा उपाशी राहतो आणि बांगडी अख्खी दिसते. तेव्हा आम्ही बाकीच्या खुणा शोधतो. ताणानंतर डावा कप्पा विश्रांतीपेक्षा मोठा दिसतोय का, त्याची पंपिंग क्षमता उतरली का, तपासणीत रक्तदाब घसरला का, ईसीजीतली एसटी नावाची रेघ खाली गेली का. यातलं काही असेल तर रिपोर्टवर ‘नॉर्मल परफ्युजन’, म्हणजे रक्तपुरवठा नॉर्मल, असं छापलेलं असलं तरी अँजिओग्राफीचा विचार करावाच लागतो.