उंची आणि उठाव

"वेताळ टेकडीची उंची ८०० मीटर लिहितात, मग अर्ध्या तासात माथा कसा गाठतो? आणि प्रॉमिनन्सचा, म्हणजे शिखराच्या उठावाचा, आकडा आणखी वेगळा का?"

कारण ८०० मीटर हे समुद्रसपाटीपासून, आणि पुणे स्वतःच साधारण ५६० मीटरवर आहे. पण प्रॉमिनन्स पायथ्यापासूनही मोजत नाहीत, लोक इथेच फसतात. राजगडावरून अळू दरवाजाने उतरून धारेवरून तोरणा गाठताना आधी किती उतरावं लागतं, ते आठवा. शिखरावरून अधिक उंच जमिनीकडे जाताना कमीत कमी जेवढं उतरावंच लागतं, तो प्रॉमिनन्स.

ल्होत्से बघा. उंची ८,५१६ मीटर, जगात चौथं. पण शेजारच्या एव्हरेस्टकडे जायला फक्त ७,९०६ मीटरवरच्या साउथ कोल या खिंडीपर्यंत उतरावं लागतं, म्हणून प्रॉमिनन्स अवघा ६१० मीटर!

प्रदेशातलं सर्वोच्च ठिकाण ठरवताना मात्र हे बघत नाहीत. हद्दीच्या आतली सर्वात उंच जमीन, बस्स. हद्द उतारावरून गेली, तर ते ठिकाण शिखर नसून हद्दीवरचा उतारच निघतो.

प्रॉमिनन्सचे आकडे संकेतस्थळागणिक बदलतात, कारण बऱ्याच खिंडींची उंची नकाशावरच्या समोच्च रेषांवरून अंदाजाने घेतलेली असते.