22 ओहम की 2 ओहम?

"न्यूमरिकल आलं की आकृतीत गुंतू नका. दिलेले आकडे बाजूला लिहा, काय काढायचंय ते बघा, त्या अक्षरांचं सूत्र निवडा आणि किमती घाला. सगळी माहिती शब्दांत असतेच, आकृती नुसती शोभेची. ती वाचत बसलात तर वेळ जातो."

न्यूमरिकल सोडवण्याचा हा सल्ला तपासून बघू. सगळी माहिती शब्दांत असते, या दाव्यापासूनच सुरुवात करू. समजा प्रश्नात एवढंच आहे: 12, 6 आणि 4 ओहमचे तीन रोध आकृतीत दाखवल्याप्रमाणे 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडले आहेत, तर बॅटरीतून किती धारा वाहते? आकृतीत एक आडवी रेघ आहे आणि तिच्यावर डावीकडून अ, ब, क, ड हे बिंदू. अ-बमध्ये 12 ओहम, ब-कमध्ये 6, क-डमध्ये 4. बॅटरीचं धन टोक अला, ऋण टोक डला. शिवाय दोन नुसत्या तारा: एक वरून अपासून कपर्यंत, दुसरी खालून बपासून डपर्यंत.

या दोन तारांचा शब्दांत कुठेही उल्लेख नाही. आकड्यांची यादी करणाऱ्याला तीन रोध एका रांगेत दिसतात, तो एकसर जोडणीचं सूत्र उचलतो आणि 22 ओहम, सुमारे 0.55 अँपिअर असं उत्तर काढतो. बेरीज बरोबर, भागाकारही बरोबर.

आता बिंदूंवर विभव लिहून बघा. अ बॅटरीच्या धन टोकाला आहे, तिथे 12 व्होल्ट. ड ऋण टोकाला, तिथे 0. नुसत्या तारेचा रोध आपण शून्य धरतो, त्यामुळे तिच्या दोन्ही टोकांचं विभव एकच असतं. म्हणजे कवरही 12 आणि बवरही 0. आता कुठलाही रोध घ्या, त्याचं एक टोक 12 वर आणि दुसरं 0 वर आहे. तिघेही समांतर! धारा 1, 2 आणि 3 अँपिअर, एकूण 6, आणि परिणामी रोध 2 ओहम. मधल्या 6 ओहममधून धारा उजवीकडून डावीकडे, कपासून बकडे वाहते. कागदावर एका रांगेत असणं वेगळं आणि एकसर असणं वेगळं. एकसर जोडणीत दोन रोधांच्या मधल्या बिंदूतून तिसरी वाट फुटत नाही.

0.55 हे उत्तर चुकलंय, हे उत्तरसूची न बघताही कळतं. तेवढी धारा 12 आणि 6 ओहममधून गेली तर अ आणि क यांच्यात जवळपास 9.8 व्होल्टचा फरक पडेल, आणि ते दोन बिंदू तर तारेने थेट जोडलेले आहेत. पण हा पडताळा घ्यायलाही तार दिसलेली असावी लागते.

शोभेच्या वस्तूत एक अक्षर बदललं तर काही बिघडत नाही. इथे बिघडतं. अ-क तारेत अमीटर बसवा, म्हणजे A लिहिलेलं वर्तुळ काढा. आदर्श अमीटरचा रोध शून्य, म्हणून तो तारच राहतो आणि 5 अँपिअर दाखवतो, कारण 6 आणि 4 ओहमकडे जाणारी धारा त्याच्यातून जाते. त्याच वर्तुळात आता व्होल्टमीटरचं अक्षर लिहा. आदर्श व्होल्टमीटरमधून धारा जात नाही, म्हणजे ती वाटच बंद. मग 6 आणि 4 ओहमची जोडी ब-ड तारेमुळे दोन्ही टोकांना 0 वर येते, तिच्यातून काहीच वाहत नाही. उरतो एकटा 12 ओहम: बॅटरीची धारा 1 अँपिअर आणि व्होल्टमीटरवर 12 व्होल्ट. रोध आणि बॅटरी तीच, प्रश्नातलं वाक्यही तेच.

वेळेचं म्हणाल तर चार बिंदूंवर चार आकडे लिहिण्यापेक्षा चुकलेलं गणित पुन्हा सोडवायला नक्कीच जास्त वेळ लागतो. हां, एक बॅटरी, एक रोध, एकच वेटोळं असेल तर आकृतीकडे नजर टाकली तरी पुरे, तिथे हा सल्ला खपून जातो. उलट, काही परिपथ विभव लिहूनही एकसर-समांतरमध्ये बसत नाहीत. तेव्हा किरचॉफचे नियमच लावावे लागतात, आणि तेही कळतं आकृतीवरूनच.

किरणाकृतीत हीच गोष्ट चिन्हात लपते. अंतर्वक्र भिंग, नाभीय अंतर 30 सेंटीमीटर. किरण भिंगाच्या 20 सेंटीमीटर मागच्या बिंदूकडे एकवटत येताहेत. सवयीने u = −20 घातलं तर 1/v = 1/f + 1/u वरून v = −12 येतं. बाणांच्या टोकांकडे बघा: किरण भिंगाआधी कुठे भेटलेलेच नाहीत, ते भिंगापलीकडे भेटणार होते. वस्तू आभासी, म्हणून u = +20, आणि 1/v = −1/30 + 1/20, म्हणजे v = +60. पडद्यावर घेता येईल अशी वास्तव प्रतिमा, तीही अंतर्वक्र भिंगातून.